सिकलसेल आणि न उतरणारी ताठरता

प्रश्न : भावाला सिकलसेल आहे. रात्री दोनपासून लिंग ताठ आहे, खूप दुखतंय. सात वाजले, ओपीडी उघडेपर्यंत थांबू का?

नाही, आत्ताच नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. चार तासांची मर्यादा उलटून गेली आहे. विळ्याच्या आकाराच्या पेशींमुळे रक्त आत अडकतं, ऑक्सिजन संपतो आणि स्नायू मरू लागतात. दीड-दोन दिवस गेले तर नपुंसकत्व बहुधा कायमचं. दांडा कडक पण टोक मऊ, ही अशा ताठरतेची खूण. बर्फ लावू नका, सिकलसेलमध्ये तो घातकच. तिथे जागा बधिर करून सुईने काळपट रक्त काढतात, मग फेनिलेफ्रिन टोचतात. लाजेपायी ‘पोटात दुखतंय’ सांगू नका. सिकलसेलचं कार्ड दाखवा, किती वाजल्यापासून तेही सांगा.