दोघांचे शनी समोरासमोर: 15 वर्षांच्या अंतराची एक केस

"मी 29 ची, तो 44 चा. गुण 24 जुळले. पण ज्योतिषी म्हणाले दोघांचे शनी समोरासमोर आहेत, माझा राहू त्याच्या शनीवर बसलाय, आणि आत्ता माझा शनी परत जन्माच्या राशीत आलाय म्हणून 2027 पर्यंत लग्न केलं तर मोडेल. आई तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही. मॅडम, खरंच आमच्या पत्रिका जुळत नाहीत का?"

पहिल्या भेटीत मी तिला दोन्ही पत्रिका घेऊन यायला सांगितलं. मी लग्नाआधीचं समुपदेशन करते, भविष्य सांगत नाही, पण पत्रिका हातात घेऊन घाबरून आलेली इतकी जोडपी बघितलीत की ग्रहांची कोष्टकं वाचायला शिकावंच लागलं, कारण समोरचा माणूस ज्या शब्दांनी घाबरलाय ते शब्दच मला कळत नसतील तर मी त्याच्याशी बोलणार तरी काय. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, आणि हे सगळं दोघांना विचारून लिहितेय.)

त्याचा जन्म ऑक्टोबर 1981, तिचा जुलै 1996. म्हणजे अंतर 14 वर्षं 9 महिने. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. शनीला सगळ्या राशी फिरून यायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्याची निम्मी किती होतात? पावणेपंधरा. म्हणजे ज्या दोन माणसांच्या वयात पावणेपंधरा वर्षांचं अंतर आहे त्यांचे शनी समोरासमोर येणारच, त्याच्या पत्रिकेत कन्येला, तिच्या पत्रिकेत मीनेला. पत्रिका उघडायचीही गरज नाही, वयाची वजाबाकी केली की झालं.

मी तिला म्हटलं, तुझ्या कॉलेजच्या वर्गातल्या मुली आठव. शनी मीनेत होता 1996 च्या फेब्रुवारीपासून 1998 च्या एप्रिलपर्यंत, म्हणजे तुझ्या अख्ख्या वर्गाचा शनी मीनेचा. आता त्याचा वर्ग घे. शनी कन्येत होता 1980 च्या मध्यापासून 1982 च्या ऑक्टोबरपर्यंत, त्या सगळ्या वर्गाचा कन्येचा. तुझ्या वर्गातली कुठलीही मुलगी उचल, त्याच्या वर्गातला कुठलाही मुलगा उचल, शनी समोरासमोरच. आणि तो राहू? 1996 चं पूर्ण वर्ष राहू कन्येत होता. म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या सगळ्यांचा राहू 1981 साली जन्मलेल्या सगळ्यांच्या शनीवर बसलेला. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मग हे आमच्याबद्दल नाहीचे? मी म्हटलं, हे तुमच्या वयाबद्दल आहे. आणि तुमच्या वयात किती अंतर आहे हे तुम्हाला आधीच माहितीये.

हे ज्योतिषी मुद्दाम फसवतात म्हणून होतं असं मला वाटत नाही. गुणमेलनाचे 36 गुण आठ कूटांतून येतात आणि ते सगळे चंद्राच्या राशी-नक्षत्रावर आहेत, वय त्यात कुठेच मोजलं जात नाही, 2 वर्षांचं अंतर असो की 20 चं, गुण तेवढेच. मग समोर 15 वर्षांच्या अंतराचं जोडपं बसलं की ज्योतिष्यालाही काहीतरी अडतं, आणि ते अडणं सांगायला त्याच्याकडे शब्द असतात ते शनी आणि राहूचे, कारण हे दोघं हळू चालतात. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, तर साधारण दोन तासांत बदलते, म्हणून ते माणसापुरते असतात. शनी अडीच वर्षं एका राशीत, राहू दीड वर्ष, ते एका पूर्ण पिढीचे असतात.

बाकीची अंतरं पण सांगून ठेवते कारण नेहमी विचारतात. सव्वासात-साडेसात वर्षांच्या अंतराला शनी एकमेकांच्या केंद्रात येतो, आणि 29-30 च्या अंतराला शनीवर शनी. राहूची फेरी 18 वर्षं 7 महिन्यांची, म्हणून नऊ-सव्वानऊ वर्षांच्या अंतराला एकाचा राहू दुसऱ्याच्या केतूवर येतो आणि साडेअठरा-एकोणीसच्या अंतराला राहूवर राहू. या शेवटच्याला बरेच जण मागच्या जन्माचं नातं, कर्माचं बंधन वगैरे म्हणतात आणि तिथे मात्र मला खरोखर राग येतो. कारण 19 वर्षांची मुलगी आणि 38 चा माणूस असला की हे आपोआपच जुळतं, त्यात त्या मुलीचा स्वतःचाही राहू तेव्हा पहिल्यांदा जन्माच्या जागी परत आलेला असतो, म्हणजे घर सोडायचं, स्वतःचं काहीतरी शोधायचं वय, आणि अशा वेळी तिला सांगितलं जातं की हे नातं आधीच ठरलेलं आहे. अशा दोन मुली माझ्याकडे आल्यात. दोघींनाही नाही म्हणायचं होतं आणि दोघींना वाटत होतं की नाही म्हटलं तर पाप लागेल.

असो, आपल्या केसकडे येते. तिला मी सांगितलं की परत त्याच ज्योतिष्यांकडे जा, भांडू नकोस, फक्त एकच विचार, 15 वर्षांचं अंतर असलेल्या कुठल्या जोडप्यात शनी समोरासमोर नसतात? ती आईला घेऊन गेली आणि विचारलं. ते गृहस्थ प्रामाणिक निघाले, म्हणाले हो, सगळ्यांतच असतात, आणि अंतर जास्त आहे म्हणूनच मी जपून सांगितलं. मग आईने विचारलं, मोडेल असं का म्हणालात? ते म्हणाले, तसं ठाम नाही म्हणता येणार. आई बाहेर येऊन जिन्यातच बसली म्हणे.

आता राहिला 2027 चा मुद्दा. शनी मार्च 2025 मध्ये मीनेत आला, 2027 च्या मध्यापर्यंत तिथेच आहे. म्हणजे तिचा शनी जन्माच्या जागी, ज्याला शनी-रिटर्न म्हणतात, आणि त्याच वेळी तो त्याच्या कन्येतल्या शनीच्या बरोब्बर समोर. हेही पुन्हा वजाबाकीच, पावणेपंधराचं अंतर असलं की एकाचा 29 वा-30 वा आणि दुसऱ्याचा 44 वा एकाच हंगामात येतो. यातून लग्न टिकेल की नाही हे कळतं असा पुरावा मला आजवर कुणी दाखवलेला नाही, आणि मी तसं स्पष्टच सांगते. पण मी हा कागद फेकूनही देत नाही. जोडप्यासमोर ठेवला की दोघं कुठल्या वयात कुठे असतील हे बोलायला तो फार उपयोगी पडतो, "भविष्याचं प्लॅनिंग" म्हटलं की लोक गप्प होतात, शनीचं विचारलं की बोलतात.

तिसऱ्या भेटीला तो आला. मी एका कागदावर दोन रकाने आखले, डावीकडे त्याचं वय, उजवीकडे तिचं, मध्ये सालं. 2011, 2026, 2040. आणि त्याला विचारलं, तुमचा शनी पहिल्यांदा परत आला तेव्हा तुम्ही 29-30 चे होता, तेव्हा काय चाललं होतं?

तो थांबला. मग म्हणाला, साखरपुडा मोडला होता मी. तिला हे माहितीच नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की 28 ला ज्याला होय म्हटलं ते 30 ला मला नकोसं झालं, त्या दोन वर्षांत मी नोकरी बदलली, वडील गेले, मी वेगळाच माणूस झालो, आणि आता ही त्याच वयात आहे. ज्योतिष्यांनी 2027 म्हटल्यावर तो आतून सुटल्यासारखा झाला होता, कारण त्यालाही थांबायचं होतं, फक्त का ते सांगता येत नव्हतं. ती रडली, चिडली पण, म्हणाली मी तू नाहीये. तो म्हणाला ते मलाही कळतं. त्या दिवशी ग्रहांचा विषय परत निघालाच नाही.

पुढच्या दोन भेटी फक्त 2026 ते 2032 या सालांवर गेल्या. तिला मूल हवं होतं, पण 34 ला, आधी शिक्षण पूर्ण करून. त्याच्या डोक्यात होतं की 48 नंतर नको, मूल दहावीला जाईल तेव्हा मी चौसष्टचा असेन. दोघांनी आपापले आकडे कधी एकमेकांना सांगितलेच नव्हते. रकान्यात मांडले तर ती 34 ची होते 2030 च्या जुलैत, आणि तो 49 चा होतो तीनच महिन्यांनी. म्हणजे भांडण फक्त एका वर्षाचं होतं. आणि तेवढ्या एका वर्षासाठी ते आठ महिने शनीबद्दल बोलत होते. मी उत्तर नाही दिलं, डॉक्टरांकडे दोघांच्या तपासण्या करून या म्हटलं, कारण वयाचा परिणाम बाईच्या बाजूने असतो तसा पुरुषाच्याही बाजूने असतो आणि तो कुठल्याच पत्रिकेत दिसत नाही. रिपोर्ट आल्यावर तिने 34 चं 32 केलं. त्याने 48 ला काट मारली पण नवा आकडा नाही लिहिला. अजून त्यावर बोलणं चालूच आहे.

2040 च्या ओळीवर मात्र आईच बोलली. तिला मी एका भेटीला मुद्दाम बोलावलं होतं. त्या साली त्याचा शनी दुसऱ्यांदा कन्येत असतो, तो 59 चा, आणि लेक 44 ची, म्हणजे आज तो आहे त्या वयाची. आईने कागद हातात घेतला, बोटाने ती ओळ दाखवली आणि थेट त्याला विचारलं, "तुम्ही साठीला आलात की हिच्याकडे कोण बघणार? आणि तुमच्याकडे बघता बघता हिचं काय होणार?" मला वाटतं पहिल्या दिवसापासून तिला हेच विचारायचं होतं, ज्योतिष्यांकडे गेली तीही याचसाठी, पण होणाऱ्या जावयाला असं तोंडावर कसं विचारायचं म्हणून ते शनीच्या नावाने आलं.

त्याने तिथे लगेच उत्तर दिलं नाही, वेळ मागितला. पुढच्या भेटीला तो एक फाइल घेऊन आला, विमा, घराच्या कर्जाचे राहिलेले हप्ते, त्याच्या आईच्या औषधांचा दर महिन्याचा खर्च, सगळं. आई चष्मा लावून एकेक पान वाचत होती आणि ती दोघं शेजारी शेजारी बसून वाट बघत होती.