विदर्भातलं स्लॅबचं घर, पिलर आणि वरची छत्री

प्रश्न: काँक्रीटची फ्रेम, खांबांवर उचललेलं घर, मोकळा प्लॅन ही आधुनिक वास्तुकला उष्ण प्रदेशांत कशी जुळवून घेतली गेली? गावाकडे (विदर्भ) घर बांधतोय. वास्तुकार कॉर्बुझिएसारखं पिलरवर उचललं तर गार राहील का?

गार राहणार नाही. पिलरखालची जागा गार राहील, तुमच्या खोल्या राहणार नाहीत. आमच्या घरी हेच झालंय, म्हणून एवढं लिहितोय.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, वर्धा जिल्ह्यातला. आमचं जुनं घर कवेलूचं, जाड मातीच्या भिंतींचं. ते पाडून मोठ्या बाबांनी (माझ्या वडिलांचे थोरले भाऊ) स्लॅबचं घर काढलं. त्यांनी नागपुरात कुठंतरी पिलरवरचा बंगला पाहिला होता. खाली ट्रॅक्टर, कापूस, मोटारसायकली, वर राहणं. हॉल मोठा, मधे भिंत नाही, आणि पश्चिमेला रस्ता दिसतो म्हणून तिकडे काचेच्या सरकत्या खिडक्या. मी तेव्हाच म्हणालो होतो की पैसा खाली पिलरवर घालण्यापेक्षा वर दुसऱ्या छपरावर घाला. मोठे बाबा म्हणाले, "पत्रे त कोठ्यावर टाकतेत, घरावर कोनी टाकते का?" विषय संपला.

पहिल्याच मे महिन्यात अख्खं घर खाली पिलरमधे राहायला आलं. रात्री नऊला स्टुलावर उभं राहून स्लॅबला खालून हात लावला तर हात ठेववत नव्हता, आणि पंखा तीच गरमी खाली ढकलत होता. चार-पाच इंची स्लॅबमधून दिवसाची उष्णता खाली उतरायला साधारण तीन तास लागतात. म्हणजे दुपारी दोन-तीनची आग तुमच्या डोक्यावर संध्याकाळी पाच-सहाला पोचते. नंतर तापलेला काँक्रीटचा साठा हळूहळू सुटत राहतो, मध्यरात्रीपर्यंत. जुन्या घराची दीड फुटी मातीची भिंत हीच उष्णता दहा-बारा तास अडवून धरायची, आणि ती आत पोचेस्तोवर बाहेर पहाट झालेली असायची.

आता सूर्याचं बघा. आपण साधारण २०-२१ अक्षांशावर आहोत. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी येते. म्हणजे सगळ्यात जास्त ऊन छपरावर. त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिम भिंतीवर. दक्षिणेच्या भिंतीला मेमधे जवळपास काहीच लागत नाही, कारण दुपारनंतर सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेलाच असतो. तरी आपल्याकडचे ठेकेदार चारही बाजूंना सारखाच दोन फुटी छज्जा काढतात. पश्चिमेला त्याचा उपयोग किती ते मोजा: मेमधे चार-सव्वाचारला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३४ अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर जेमतेम सव्वा-दीड फूट उतरते. चार फूट उंच खिडकीचा दोन तृतीयांश भाग उन्हातच. सव्वापाचला सूर्य वीस अंशांवर येतो, तेव्हा सावली पाऊण फूट. आमच्या पश्चिमेच्या काचा याच वेळी भट्टीचं दार उघडल्यासारख्या व्हायच्या.

तुमच्या प्रश्नातला कॉर्बुझिए हे सगळं चटके खाऊनच शिकला. पॅरिसमधे त्याने १९३३ मधे साल्व्हेशन आर्मीसाठी बेघरांच्या वसतिगृहाची इमारत केली. दक्षिणेला सगळी बंद काच. उन्हाळ्यात आत बसवेना. महायुद्धानंतर त्या काचेपुढे ऊन अडवणारे काँक्रीटचे पडदे बसवावे लागले. फ्रेममुळे भिंतीवर भार नाही, म्हणून भिंत काढून काच लावता येते, हे त्याच्या सिद्धांताचं एक टोक. गरम हवेत तेच उघडं पडलं. मग जुळवून घेणं म्हणजे काय, तर त्या काचेपुढे आणि छपरावर दुसरं अंग चढवणं. ब्राझीलमधे रिओच्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत (कामाला सुरुवात १९३० च्या दशकात, कॉर्बुझिए सल्लागार, मुख्य काम लुसिओ कोस्टा आणि नीमायर यांच्या चमूचं) उत्तरेच्या बाजूला आडव्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या लावल्या, कारण तिकडे सूर्य उत्तरेला असतो. पिलर तिथे दहा मीटर उंच आहेत, पण रिओ समुद्रकाठी आहे. दमट हवेत खालून वारा खेळणं ही चैन असते, म्हणून ते तिथे शोभतं.

आपल्याला जवळचं आहे अहमदाबाद, आणि कॉर्बुझिएच्या तिथल्या इमारती जाऊन बघण्यासारख्या आहेत. मिलमालकांच्या संघाची इमारत (१९५४) साबरमतीच्या काठावर आहे. पूर्वेला सरळ आणि पश्चिमेला तिरके काँक्रीटचे पडदे, आणि उत्तर-दक्षिणेच्या भिंती जवळजवळ बंद, विटांच्या. जशी बाजू तसा वेगळा उपाय. शोधन बंगल्यावर (१९५६) तर वर एक सपाट काँक्रीटची छत्री खांबांवर उभी आहे, खाली मोकळ्या गच्च्या, मधून वारा. चंदीगडच्या हायकोर्टातही तेच: वरचं प्रचंड छप्पर वेगळं आणि कोर्टाची इमारत त्याखाली वेगळी. आणि मनोरमा साराभाईंच्या घरासाठी (१९५५) त्याच माणसाने पिलर काढलेच नाहीत! घर जमिनीला टेकलेलं, बुटकं, विटांच्या कमानीवजा छतांचं, वर माती आणि गवत. ज्याने पिलरचं तत्त्व जगाला सांगितलं त्याने गरम कोरड्या गावातल्या या घरात पिलर सोडून दिले. मोठ्या बाबांना मी हे फोटो दाखवून सांगितलं होतं. "ते मोठ्या लोकाचं हाय," म्हणाले.

पिलर का सोडायचे, याचं कारण मातीत आहे. जमिनीच्या खाली काही फुटांवर तापमान वर्षाच्या सरासरीजवळ, आपल्याकडे २७-२८ च्या आसपास राहतं. मेमधे बाहेर ४५ असताना घराखालची माती थंड असते, आणि जमिनीला टेकलेली फरशी तोच थंडावा घेते. घर उचललं की फरशीच्या खालूनही लू वाहते. म्हणजे वरून तापलेला स्लॅब आणि खालूनही तापलेला स्लॅब. दीड-दोन फुटांचं जोतं पुरे, पावसाचं पाणी आणि विंचू-साप यासाठी. नदीकाठी पूर येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उचलाच.

मोकळ्या प्लॅनचंही असंच. आपल्याकडे दोन वेगळे हंगाम आहेत. कोरड्या मेमधे दिवसभर घर बंद ठेवायचं आणि कुलर चालवायचा. वाळ्याच्या ताट्यांचा गार वारा समोरच्या खिडकीतून बाहेर जायला वाट लागते, नाहीतर तो दमट होऊन खोलीत साचतो. मोठ्या एकाच हॉलमधे तो वारा पसरून विरतो, कुणालाच पुरत नाही. जुलैत हवा ओली झाली की कुलर निकामी, तेव्हा मात्र आरपार खिडक्या आणि मोकळी जागाच कामाची. म्हणून फ्रेमचा खरा उपयोग असा करा: हॉल मोठा ठेवा, पण मधे लाकडी दारं लावून उन्हाळ्यात कापता येईल असा. भिंतीवर भार नसल्याने हे शक्य आहे. आणि फ्रेमचा आपल्याकडे आणखी एक फायदा आहे: काळ्या मातीत विटांच्या भारवाही भिंती दर उन्हाळ्यात तडकतात. पाया काळ्या मातीच्या खाली मुरमापर्यंत नेऊन वर प्लिंथ बीमने सगळं बांधलं तर फ्रेम टिकते. घर गार राहण्याशी याचा संबंध नाही, पण काँक्रीटची फ्रेम घ्यायची असेल तर यासाठी घ्या.

आमच्या घरच्या छत्रीचं, म्हणजे त्या दुसऱ्या छपराचं, शेवटी काय झालं ते सांगतो. मोठ्या बाबांच्या मुलाने घर हातात घेतलं तेव्हा मला बोलावलं. पुढच्या मजल्यासाठी कॉलमचे गज गच्चीवर सोडलेले होतेच, गंजायला लागलेले. ते घासून, जोड देऊन कॉलम साडेसात फूट वर नेले, त्यावर छपराच्या लोखंडी कैच्या आणि पत्रे. पश्चिमेला पत्रा कठड्याच्या अडीच फूट बाहेर. पूर्व-पश्चिम दोन्ही बाजू पूर्ण उघड्या, कारण पत्रा आणि स्लॅब यांच्यामधे हवा कोंडली तर सगळा खेळ वाया. वरून पांढरा रंग दिला. खालून मुद्दाम काही दिलं नाही, कारण कोरा चकचकीत जस्ती पत्रा खाली उष्णता कमी फेकतो आणि रंगवलेला जास्त. पश्चिमेच्या काचा काढून तिथे भिंत उचलली आणि बाहेर सात फूट खोल ओसरी केली. छपराची कड आठ फुटांवर धरली तर चार-सव्वाचारला ऊन भिंतीवर जेमतेम साडेतीन फुटांपर्यंत चढतं, तेवढं ऊन अडवायला आम्ही विटांची जाळी लावली.

पुढच्या मेमधे रात्री नऊला स्लॅबला खालून हात लावला, ठेववला. मोठे बाबा आता वरच्या खोलीत झोपतात. त्यांनी अजून कबूल केलेलं नाही, पण गावात कुणी स्लॅब टाकताना विचारलं तर "वर पत्रे टाका" म्हणून सांगतात, तेवढं मला पुरे.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा. पत्र्याखाली गच्चीवर झोपलात तर उघड्या आभाळाखालचा गारवा मिळणार नाही, कारण स्लॅब रात्री आभाळाकडे उष्णता सोडतो ती वाट बंद होते. गच्चीवर झोपणारं घर असेल तर एक कोपरा उघडा सोडा. मे-जूनचं वावधान पत्रा खालून उचलतं, म्हणून कडेच्या रांगेत हुक जवळजवळ ठेवा आणि कैची कॉलमच्या गजांना धरूनच बसवा, नुसत्या कठड्याच्या विटांवर नाही. शेडचा खर्च झेपत नसेल तर निदान स्लॅबवर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या टाइल्सचा थर द्या. फरक पडतो, छत्रीइतका नाही.

आणि हट्टाने पिलरवरच करायचं असेल तर खालचे पिलर नुसते भिंतीविना सोडू नका. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून लांब असलेल्या अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींत खाली पार्किंगला मोकळे सोडलेले मजले कितीतरी होते. विदर्भाचा बहुतेक भाग कमी धोक्याचा आहे, तरीही मधे दोन-तीन काँक्रीटच्या भिंती घ्या आणि डिझाइन गावच्या मिस्त्रीवर न सोडता इंजिनिअरकडून करून घ्या.