इंट्रोला गुण सगळ्यात शेवटी द्या

प्रश्न: ठाण्यातल्या एका कॉलेजात बीएएमएमसीला नुकताच शिकवायला लागलोय. बातमीलेखनाच्या ४० असाइनमेंट तपासायच्या आहेत. इंट्रो, स्रोत, कोण म्हणालं याचा उल्लेख आणि तटस्थता असे चार निकष आहेत, प्रत्येकी ५ गुण. पण पहिला परिच्छेद वाचला की माझं मत बनून जातं आणि बाकीचे गुण त्याच हिशेबाने पडतात. नेमकं कसं तपासायचं?

उत्तर:

इंट्रोला गुण सगळ्यात शेवटी द्या, तुमची निम्मी अडचण तिथेच सुटेल. इंट्रो म्हणजे बातमीत जे हाती लागलंय त्याचं सार. हाती काय लागलंय हे खालचा मजकूर तपासल्याशिवाय कळत नाही, मग त्याचं सार बरोबर उतरलंय की नाही हे आधीच कसं ठरवणार? मी ठाण्यातच एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली आणि आता आठवड्यातून दोन दिवस शिकवते. डेस्कवर असतानाही मी बातमी दुसऱ्या परिच्छेदापासून वाचायचे. तीच सवय पेपर तपासताना कामी येते.

एका विद्यार्थिनीची असाइनमेंट सांगते, म्हणजे पद्धत लक्षात येईल. विषय होता घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत मार्चमधल्या एका शनिवारी रात्री मीटर रूमला लागलेली आग. तिचा इंट्रो असा होता: ‘आग कधी सांगून येत नाही. सोसायटीच्या निष्काळजीपणामुळे शॉर्ट सर्किट होऊन लागलेल्या भीषण आगीत शेकडो रहिवाशांचे प्राण टांगणीला लागले.’ वाचताच तुमच्यासारखं माझंही मत बनलं असतं. मी त्या दोन ओळींवर कोरा कागद ठेवला आणि खाली आले.

खाली वाचताना हातात पेन्सिल हवी. पडताळून पाहता येईल अशा प्रत्येक विधानाशेजारी समासात एक अक्षर लिहायचं. बातमीदाराने स्वतः पाहिलं असेल तर ‘पा’, कोणी सांगितलं असेल तर ‘सां’, कागदावरून घेतलं असेल तर ‘का’. यातलं काहीच कळत नसेल तर रिकामा चौकोन. मत बाजूला राहतं आणि चौकोन मोजता येतात. तिच्या दीड पानात अशी २३ विधानं होती, त्यातली ११ चौकोनात गेली. ‘कोण म्हणालं’ या निकषाचे गुण मी थेट या मोजणीवरून देते. निम्म्याच्या आसपास चौकोन असतील तर ५ पैकी २ च्या वर जात नाही, भाषा कितीही गोड असो.

चौकोन कुठे पडतात हे मात्र नीट बघायला हवं, कारण मराठीत ते सहज लपतात. तिचा दुसरा परिच्छेद बघा: ‘रात्री ११.२० च्या सुमारास मीटर रूममधून धूर येऊ लागला. लिफ्ट बंद पडली. अग्निशमन यंत्रणेच्या पाइपला पाणीच नव्हते. गेले अनेक महिने रहिवासी तक्रारी करत होते, पण सोसायटीने दुर्लक्ष केले, असे एका रहिवाशाने सांगितले.’ आपल्या भाषेत सांगणारा बहुधा शेवटी येतो. त्यामुळे शेवटचं ते ‘असे’ नेमकं किती वाक्यांना पुरतं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. लिहिणारी समजते की सगळा परिच्छेद त्यात आला. वाचणारा फक्त शेवटचं वाक्य रहिवाशाचं मानतो आणि आधीची विधानं सिद्ध झालेली धरतो.

मी तिला बोलावून एकेक वाक्य विचारलं. ११.२० ही वेळ रखवालदाराच्या नोंदवहीत होती आणि ती वही तिने स्वतः पाहिली होती. म्हणजे उत्तम कागद हाती होता, पण बातमीत त्याचा उल्लेखच नव्हता. लिफ्टचं एका रहिवाशाने सांगितलं होतं. पाइपला पाणी नसल्याचंही त्यानेच सांगितलं, पण त्याने ते रखवालदाराकडून ऐकलं होतं. रखवालदाराची वही बघायला ती गेली आणि पाण्याचं त्यालाच विचारायचं राहून गेलं! बातमीतला सगळ्यात गंभीर आरोप असा दुसऱ्या तोंडाने आलेला निघाला. अशा वेळी मी गुण कापते आणि उपायही सांगते. सांगणाऱ्याला वाक्याच्या सुरुवातीला आणायचं. ‘रखवालदाराच्या नोंदवहीनुसार’, ‘आठव्या मजल्यावरील एका रहिवाशाच्या म्हणण्यानुसार’ अशी सुरुवात झाली की झाकपाक उरत नाही. ‘समजते’, ‘कळते’, ‘बोलले जात आहे’, ‘सांगण्यात आले’ हे शब्द दिसले की सरळ चौकोन काढा. त्यात बोलणारा माणूसच नाहीसा होतो. डेस्कवर हे शब्द वर्षानुवर्षं चालत आलेत हे मला माहीत आहे, पण म्हणून शिकणाऱ्याला ते चालवू देऊ नका.

स्रोत तपासताना संख्येला भुलायचं नाही. तिने पाच जणांशी बोलल्याचं लिहिलं होतं. मी प्रत्येकाला बातमीसोबत एक वेगळं स्रोतपत्र जोडायला लावते. त्यात कोणाशी, कधी, समोर की फोनवर बोललात आणि त्या माणसाला हे कशावरून ठाऊक, एवढंच लिहायचं. हे पत्र माझ्यापुरतं असतं, बातमीत जात नाही. तिच्या पत्रात तीन रहिवासी होते, तिघेही आठव्या मजल्यावरचे, त्यातले दोघे एकाच घरातले. मीटर रूम तळमजल्यावर. जिन्यात धूर किती होता, खाली उतरायला किती वेळ लागला, हे तिघे छातीठोकपणे सांगू शकतात. आग कशाने लागली हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. चौथा रखवालदार, त्याच्याकडून फक्त वही मिळाली. पाचवे अग्निशमन केंद्राचे अधिकारी, फोनवर. आणि जिच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला त्या सोसायटीच्या सचिवांना तिने एक फोनही केलेला नव्हता. प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की कोणावर ठपका येत असेल तर छापण्यापूर्वी त्याच्याकडून त्याची बाजू जाणून घ्यावी. हे नसेल तर स्रोतांना ५ पैकी ३ च्या वर मी कधीच देत नाही.

नाव न देण्याचंही याच वेळी बघा. ‘एका रहिवाशाने’ असं का? आगीतून खाली उतरलेल्या माणसाला आपलं नाव यायला बहुतेक वेळा हरकत नसते, विचारायचंच राहिलेलं असतं. रखवालदाराची गोष्ट वेगळी, त्याची नोकरी जाऊ शकते. तिथे नाव न देणं योग्य, पण का दिलं नाही हे स्रोतपत्रात लिहिलेलं हवं.

तटस्थतेचं तुम्हाला सगळ्यात अवघड वाटत असेल, कारण तिथे आपलं मत आड येतं. मी दोनच गोष्टी बघते. पहिली, ‘म्हणाले’च्या जागी कोणतं क्रियापद आलंय. तिने लिहिलं होतं, ‘शॉर्ट सर्किटची शक्यता असल्याचे अग्निशमन अधिकाऱ्याने कबूल केले.’ कबूल करतो तो आरोपी. अधिकाऱ्यावर कसलाच आरोप नव्हता, त्याने फक्त माहिती दिली. त्याच बातमीत रहिवाशांनी ‘सांगितले’ होतं. ज्यांचं पटलं त्यांनी ‘सांगितले’ आणि ज्यांचं पटलं नाही त्यांनी ‘दावा केला’ किंवा ‘कबूल केले’, अशी वाटणी झाली की बातमीदाराची बाजू उघडी पडते. सगळी क्रियापदं एका रंगाने अधोरेखित करा, एका मिनिटात दिसतं.

दुसरी गोष्ट विशेषणं आणि मोजदाद. ‘भीषण’ कशावरून? तिच्याच टिपणात आग ४० मिनिटांत आटोक्यात आल्याचं आणि धुराचा त्रास झालेल्या दोघांना रुग्णालयात नेल्याचं होतं. ‘शेकडो’ कोणी मोजले? इमारत १४ मजल्यांची, मजल्यावर ४ घरं, म्हणजे ५६ घरं. माणसं दोनशेच्या आसपास असतीलही, पण त्या रात्री घरात किती होती हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ‘५६ घरांतील रहिवाशांना जिन्याने खाली उतरावे लागले’ हे तिला लिहिता आलं असतं, तेही सगळी घरं त्या रात्री भरलेली होती याची खात्री केल्यावरच.

एवढं झाल्यावर इंट्रोवरचा कागद काढायचा. आता मत बनवायची गरजच पडत नाही, इंट्रोतला एकेक शब्द खालच्या अक्षरांशी लावून बघायचा. ‘निष्काळजीपणामुळे’ला खाली आधार एका रहिवाशाचा, तोही ऐकीव. ‘शॉर्ट सर्किट होऊन’ हे अधिकाऱ्याने शक्यता म्हणून सांगितलेलं, इथे खात्री होऊन बसलं. आगीच्या बातम्यांत ही चूक इतकी अंगवळणी पडलीये की पोरं न विचारताच शॉर्ट सर्किट लिहितात. आणि दोन माणसं रुग्णालयात गेली ही सगळ्यात मोठी बातमी इंट्रोत नव्हतीच, ती पाचव्या परिच्छेदात होती. तिच्याच माहितीतून मी शेजारी असा इंट्रो लिहून दिला: ‘घोडबंदर रोडवरील एका १४ मजली इमारतीच्या मीटर रूमला शनिवारी रात्री आग लागली. धुराचा त्रास झालेल्या दोन रहिवाशांना रुग्णालयात नेण्यात आले. आग ४० मिनिटांत आटोक्यात आली असून, शॉर्ट सर्किटचा प्राथमिक अंदाज असला तरी नेमके कारण तपासानंतरच कळेल, असे अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्याने सांगितले.’

तिला २० पैकी ८ मिळाले. ती नाराज झाली, म्हणाली, ‘मॅडम, म्हणजे सोसायटीला सोडून द्यायचं का?’ हा प्रश्न तुम्हालाही येणार. मी तिला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ वाचायला सांगितला. त्यानुसार इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, द्यावं लागतं. तो कागद बघायला माग म्हटलं. त्यावरून आगीचं कारण कळणार नाही हेही सांगितलं, कारण तो यंत्रणेबद्दल बोलतो, मीटर रूममधल्या वायरिंगबद्दल नाही. पण पाइपला पाणी होतं की नाही या वादात तोच उपयोगी.

ती सचिवांना भेटून आली आणि दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं, ‘सोसायटीकडे जानेवारीचे प्रमाणपत्र नव्हते.’ मी ‘नव्हते’खाली रेघ मारून समासात चौकोन काढला. ‘नव्हते’ हे तिला कसं कळलं? तिला दाखवलं गेलं नव्हतं, एवढंच तिने पाहिलं होतं. मागूनही दिलं नसेल तर ‘देण्यास नकार दिला’ होतं, आणि या तिन्हींत फार फरक आहे. तिने तिथेच बसून वाक्य बदललं: ‘सचिवांनी गेल्या जुलैचे प्रमाणपत्र दाखवले. जानेवारीचे मागितल्यावर ते एजन्सीकडे असल्याचे त्यांनी सांगितले.’ समासात मी पहिल्या वाक्याला ‘का’ आणि दुसऱ्याला ‘सां’ लिहिलं. मग तिने विचारलं, एजन्सीचा नंबर प्रमाणपत्रावर असतो ना, आणि वर्गाबाहेर जाऊन फोन लावला.