अठरा कोटींची उलाढाल आणि जुना आयटीआर-४

“सर, मी नोकरी करतो, फावल्या वेळात इंट्राडे आणि निफ्टी फ्युचर्स करतो. ब्रोकरच्या स्टेटमेंटमध्ये वर्षाची खरेदी-विक्री १८ कोटी दिसतेय, आणि झालाय तोटाच. दहा कोटींच्या वर गेलं की ऑडिट लागतं म्हणतात. मला लागेल का?”

जूनमध्ये समोर बसलेल्या या गृहस्थांनी स्टेटमेंटची अख्खी चळतच आणली होती. मी त्यातला एकच सौदा निवडला, ऑक्टोबर २०२४ मधला. निफ्टी फ्युचरची एक लॉट, तेव्हा ती २५ ची होती. घेतली २४,२०० ला, विकली २४,१२० ला. खरेदी ६,०५,००० आणि विक्री ६,०३,००० धरून ब्रोकर १२,०८,००० दाखवतो. पण या सौद्यात माल हातात आलाच नाही, फक्त फरक मिटवला गेला. म्हणून करासाठी उलाढाल फरकाचीच: २,००० रुपये. इंट्राडेलाही, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअर्सनाही, हीच रीत.

फरक मोजताना मात्र चिन्ह सोडायचं. नफ्याचे सौदे एका बाजूला, तोट्याचे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही आकडे मिळवायचे. बरेच जण इथे वजाबाकी करून बसतात. यांच्या फ्युचर्समध्ये नफ्याच्या सौद्यांची बेरीज ४,१०,००० आणि तोट्याच्यांची ५,६५,००० होती, म्हणजे उलाढाल ९,७५,००० (१,५५,००० नव्हे, तो निव्वळ तोटा). इंट्राडेत नफा ६२,००० आणि तोटा ९१,०००, म्हणून उलाढाल १,५३,०००. एकूण ११,२८,०००. ऑडिटची नेहमीची मर्यादा १ कोटी, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर १० कोटी. आपण तिच्या जवळपासही नाही. गृहस्थांनी पहिल्यांदा चहाचा घोट घेतला.

तोट्याचे दोन कप्पे वेगळे ठेवावे लागतात. इंट्राडे हा सट्टा व्यवसाय, तर मान्यताप्राप्त एक्सचेंजवरचे फ्युचर्स हा बिगर-सट्टा व्यवसाय. ब्रोकरेज, सौद्यांवरचा कर म्हणजे एसटीटी आणि इतर आकार खर्च म्हणून धरले: फ्युचर्सचे ३८,०००, इंट्राडेचे ६,०००. तोटे झाले १,९३,००० आणि ३५,०००. फ्युचर्सचा तोटा पगारातून वजा होत नाही, पण एफडीच्या ४८,००० व्याजातून होतो. उरलेले १,४५,००० पुढची आठ वर्षं व्यवसायाच्या नफ्यातून वळते करता येतात. इंट्राडेचे ३५,००० फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून, तेही चार वर्षांत. दोन्हींना अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. फॉर्म आयटीआर-३.

इथे काम संपलं असतं. पण माझी सवय आहे, मागच्या वर्षीची पोचपावती मागायची. त्यांनी मोबाइलवर काढून दाखवली आणि मीच चष्मा नीट केला. फॉर्म आयटीआर-४, म्हणजे अंदाजे उत्पन्नाचा.

“मागच्या वर्षी भावोजींनी भरलं होतं, सर. नफा थोडाच होता.”

नफा १९,००० होता, उलाढाल ३,१०,०००. कलम ४४एडी खाली अंदाजे उत्पन्न दाखवलं की हिशेबाच्या वह्या नकोत, म्हणून भावोजींनी उलाढालीच्या किमान सहा टक्के नफा दाखवायचा रस्ता धरला. १८,६०० च्या वर आकडा बसतच होता. चूक नव्हती. पण या रस्त्याला लागलं की पाच वर्षं त्यावरच राहणं अपेक्षित असतं. यंदा तोटा दाखवला म्हणजे मध्येच उतरले. मग ११ लाखांच्या उलाढालीलाही ऑडिट लागतं, कारण एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर आहे. पगारच ९,६०,००० होता.

गंमत अशी की १८ कोटींना कोणी विचारलं नाही आणि १९,००० नी अडवलं.

“तोटाच दाखवला नाही तर? सहा टक्के नफा टाकून मोकळं होऊ!” हा प्रश्न येतोच. सहा टक्के म्हणजे सुमारे ६८,००० चं उत्पन्न, जे झालंच नाही, त्यावर कर. शिवाय १,४५,००० चा पुढे नेण्याचा तोटा गेला. दुसरा शहाणपणा म्हणजे ऑडिट टाळून दंड भरणं. तो तेव्हा उलाढालीच्या अर्धा टक्का होता, इथे ५,६४० रुपये, कदाचित ऑडिटच्या फीपेक्षा कमी. मी हा सल्ला देत नाही.

कंत्राट नोट, लेजर आणि बँक स्टेटमेंट यांवरून वह्या लिहिल्या. ऑडिट करणाऱ्या सीएंना त्याच लागतात. अहवालाची नेहमीची तारीख ३० सप्टेंबर, त्यामुळे जून ही वेळ बरी होती. (कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आला, तिथे ते बदललेत.)

जाताना त्यांनी विचारलं, “पुढच्या वर्षी?”

“सौदे चालू ठेवलेत तर ऑडिट पुढेही. पाच वर्षं ४४एडी तुमच्यासाठी बंद, आणि पगार तर आहेच.”

“आणि नाही ठेवले तर?”

“तर तोट्याचे आकडे फक्त विवरणपत्रात पुढे नेत राहायचे. आठ वर्षं मोजत.”