डिलिव्हरीच्या अहवालात सरासरीऐवजी पर्सेंटाइल: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: भिवंडीच्या आमच्या गोदामातून निघालेला माल सरासरी ३४ तासांत पोहोचतो, असा अहवाल दर आठवड्याला येतो. तक्रारी मात्र थांबत नाहीत. २० ऑर्डरींचे तास सोबत पाठवत आहे. चूक कुठे आहे?

आपण पाठवलेले आकडे चढत्या क्रमाने लावले, तर असे दिसतात: १८, १९, २०, २०, २१, २२, २२, २३, २४, २४, २५, २६, २६, २७, २८, ३०, ३४, ५२, ७६, १४३. बेरीज ६८० असल्यामुळे ३४ ही सरासरी बरोबरच आहे. पण २० पैकी १६ ऑर्डरी त्याहून लवकर पोहोचल्या आहेत आणि शेवटच्या तीन ऑर्डरींनीच बेरजेतले २७१ तास खाल्ले आहेत. म्हणजे हा आकडा नेहमीच्या ग्राहकाचा अनुभव सांगत नाही आणि तक्रार करणाऱ्याचाही नाही. त्याऐवजी दोन आकडे द्यावेत. रांगेतला दहावा आकडा, २४ तास, हा ५० वा पर्सेंटाइल, म्हणजे निम्म्या ऑर्डरी तेवढ्या वेळात पोहोचल्या. आणि अठरावा, ५२ तास, हा ९० वा पर्सेंटाइल, म्हणजे दहांतल्या नऊ ऑर्डरी तेवढ्या वेळात पोहोचल्या. ग्राहकाला मुदत सांगताना दुसरा आकडा धरावा. १४३ तासांची ती एक ऑर्डर कोणी ‘रद्द’ म्हणून वगळली, तर काम तसूभर न सुधारता सरासरी २८ तासांवर येते, ५० वा पर्सेंटाइल मात्र २४ वरच राहतो.

प्रश्न: मी हाताने ५२ तास काढले, एक्सेलने ५४.४ दाखवले. खरे कोणते?

दोन्ही खरे आहेत, कारण रीती वेगळ्या आहेत. आपण रांगेतला प्रत्यक्ष आकडा उचललात. खालचे सूत्र शेजारच्या दोन आकड्यांच्या, म्हणजे ५२ आणि ७६ यांच्या, मधली किंमत काढते.

```
=PERCENTILE.INC(B2:B21,0.9)
```

कोणतीही एक रीत ठरवून अहवालाच्या तळाशी लिहावी आणि ती मध्येच बदलू नये. ऑर्डरी शेकड्यांनी असल्या की हा फरक बहुधा नगण्य होतो.

प्रश्न: अहवाल निघतो त्या दिवशी काही माल वाटेतच असतो. तो आम्ही पुढच्या आठवड्यात मोजतो. हे चालेल का?

चालणार नाही, आणि माझ्या मते अहवालावरचा विश्वास सर्वांत जास्त याच सवयीमुळे जातो. वरच्या यादीतल्या ७६ आणि १४३ तासांच्या ऑर्डरी अहवालाच्या दिवशी अजून पोहोचायच्या होत्या असे समजा. त्या सोडून उरलेल्या १८ ऑर्डरींवर हिशेब केला, तर सरासरी २५.६ तास येते आणि ९० वा पर्सेंटाइलही ५२ वरून ३४ वर घसरतो. सर्वांत रखडलेला मालच मोजणीबाहेर राहिल्यामुळे उशीर जितका मोठा, तितका अहवाल चांगला दिसतो.

यावर उपाय असा की, ऑर्डर ज्या आठवड्यात बुक झाली त्याच आठवड्यात ती धरावी आणि वाटेतल्या ऑर्डरीही रांगेच्या शेवटी उभ्या कराव्यात. त्या दोन्ही बुकिंगपासून ५२ तासांहून अधिक काळ अडकलेल्या असतील, तर त्यांचा अंतिम वेळ कळण्याआधीच अठराव्या जागेवर ५२ हाच आकडा पक्का होतो. सरासरीला ही सोय नाही. शेवटची ऑर्डर पोहोचेपर्यंत ती काढताच येत नाही. मात्र दहा टक्क्यांहून अधिक माल वाटेत असेल, तर ९० वा पर्सेंटाइलही अजून ठरलेला नसतो, आणि तेव्हा ‘अमुक तासांहून अधिक’ एवढेच लिहिणे प्रामाणिक होय. आपला अहवाल तपासायचा असेल, तर बुकिंग रजिस्टरमधल्या ऑर्डरींची संख्या अहवालातल्या संख्येशी ताडून पाहावी.

प्रश्न: एका डेपोचा ९० वा पर्सेंटाइल ३० तास आहे, दुसऱ्याचा ८० तास. साहेबांना एकच आकडा हवा आहे. ५५ लिहू का?

लिहू नये. समजा, पहिल्या डेपोच्या ९०० ऑर्डरी आहेत आणि दुसऱ्याच्या १००. ३६ तासांपर्यंत पहिल्याच्या ८४६ आणि दुसऱ्याच्या ५४ पोहोचल्या असतील, तर मिळून १००० पैकी ९०० झाल्या. म्हणजे एकत्रित ९० वा पर्सेंटाइल ३६ तास आहे. पर्सेंटाइलची सरासरी काढून तो मिळत नाही. ऑर्डरींच्या संख्येप्रमाणे वजन दिले तरी ३५ येतो, आणि तो इतका जवळ आला हा केवळ योगायोग आहे. म्हणून डेपोंकडून तयार पर्सेंटाइल न मागवता सहा-सहा तासांच्या टप्प्यांत किती ऑर्डरी पोहोचल्या याची संख्या मागवावी. संख्यांची बेरीज करता येते आणि एकत्रित आकडा कोणत्या टप्प्यात पडतो, ते त्यावरून समजते. साहेबांना तो एक आकडा द्यावा, पण त्याखाली दोन्ही डेपो स्वतंत्र दाखवावेत; एरवी ८० तासांचा डेपो ३६ च्या आड दडून राहील.