तबला-हार्मोनियमच्या धड्याला ताल, राग, पातळी आणि उद्दिष्ट यांची नोंद कशी जोडावी?

प्रश्न: मी तबला आणि हार्मोनियम शिकवतो. धडे फोनवर रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांना पाठवतो आणि आता दीडशेच्या वर फाइली साठल्या आहेत. ताल किंवा राग, विद्यार्थ्याची पातळी आणि रियाज कशासाठी करायचा, ही माहिती फाइलीला नेमकी कशी जोडावी?

उत्तर: सुरुवातीच्या काळात मी एका फाइलीला ‘तीनताल कायदा १, लय १२०’ असे नाव दिले होते. त्यात दिल्ली बाजाचा नेहमीचा कायदा होता: धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. मिनिटाला १२० बोल वाजतात, एवढेच मला त्या आकड्यातून सांगायचे होते. ठेका मिनिटाला ६० मात्रांचा आणि बोल त्याच्या दुगुनीत, हे माझ्या डोक्यात होते, नोंदीत मात्र कोठेच नव्हते. विद्यार्थ्याने साहजिकच तबल्याच्या ॲपवर तीनतालाचा ठेका १२० वर लावला आणि एका मात्रेला एक बोल असा तीन आठवडे रियाज केला. वर्गात मी ६० चा लेहरा धरला, तेव्हा त्याचा हात बरोबर त्याच वेगाने चालत असूनही तो दुसऱ्याच आवर्तनात थांबला. सोळा बोल सोळा मात्रांत बसवले की ‘ताता तिट’ नवव्या मात्रेवर, म्हणजे नेमके कालेवर येते. दुगुनीत तेच बोल पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर येतात. त्याच्या कानाला ‘ताता’ म्हणजे काल अशी सवय लागली होती आणि लेहरा काही वेगळेच सांगत होता.

म्हणून तालाच्या रकान्यात केवळ तालाचे नाव लिहून भागत नाही. तालाबरोबर ठेक्याची लय मिनिटाला किती मात्रा अशी लिहावी, तिच्याशेजारी बोल ठाय, दुगुन की चौगुन हे लिहावे, आणि तुकडा किंवा तिहाई असेल तर ती कितव्या मात्रेपासून उचलायची तेही लिहावे. लय नेहमी ठेक्याचीच, बोलांची कधीच नाही, हा नियम एकदा ठरवला की आकड्याचा घोळ उरत नाही. तालाचे नावही एकाच पद्धतीने लिहावे. मी काही फाइलींवर ‘त्रिताल’ आणि काहींवर ‘तीनताल’ लिहून बसलो होतो, त्यामुळे शोधताना निम्मे धडे सापडतच नसत.

हार्मोनियमच्या धड्यांत वेगळी चूक होते. तीव्र मध्यम घेऊन वाजवलेले सरळ अलंकार आपण सवयीने ‘राग यमन’ या नावाखाली टाकतो. पण ‘सारेग, रेगम, गमप’ अशा पायरीपायरीने चढणाऱ्या अलंकारात यमन नसतो, कल्याण थाटाचे स्वर तेवढे असतात. यमनाची चढती चाल बहुधा षड्ज आणि पंचम वगळून, निषादावरून उचलत जाते. नवशिक्याने त्या फाइलीलाच यमन मानले, तर पुढे आलाप शिकवताना ती सरळ चाल मोडून काढावी लागते. अशा धड्यावर मी ‘अलंकार, कल्याण थाट’ असे लिहितो आणि रागाचा रकाना रिकामा ठेवतो. रागाचे नाव लिहायचे, तर त्या धड्यात रागाची चाल असली पाहिजे. केवळ स्वर लिहून ही उणीव भरून निघत नाही, कारण भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच आहेत. एकात गंधाराला महत्त्व, तर दुसऱ्यात धैवताला. याखेरीज हार्मोनियमच्या प्रत्येक फाइलीवर पट्टी लिहावी, काळी एक, पांढरी चार वगैरे, कारण पट्टी बदलली की राग तोच राहिला तरी बोटे पूर्णपणे बदलतात आणि धडा बहुतेक वेळा बोटांचाच असतो.

पातळीसाठी मी पूर्वी ‘प्राथमिक’ आणि ‘मध्यम’ असे लिहीत असे, पण त्यातून काहीच कळत नाही. आपले विद्यार्थी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसत असतील, तर ‘प्रवेशिका प्रथम’ किंवा ‘मध्यमा पूर्ण’ असे परीक्षेचे नाव लिहिणे सोयीचे पडते, पालकांनाही ते समजते. तरी त्याच्या जोडीला एक ओळ हवी: हा धडा घेण्याआधी काय येत असले पाहिजे. वरच्या कायद्यापुरती ती ओळ अशी आहे: ‘तीनतालाचा ठेका हाताने टाळी-काल दाखवत ६० च्या लयीत म्हणता येतो, कायदा ठायीत न अडखळता वाजतो.’ विद्यार्थी स्वतःच ही ओळ वाचून आधीच्या फाइलीकडे परत जातो, मला फोन करून विचारत नाही.

सर्वांत जास्त वेळ मी उद्दिष्टावर घालवतो. ‘हात तयार करणे’ हे उद्दिष्ट लिहू नये. ते कधी पुरे झाले हे कोणालाच सांगता येत नाही. त्याच कायद्याच्या फाइलीवर आता माझी नोंद अशी आहे: ‘दुगुनीत तिट स्पष्ट. ६० च्या ठेक्यावर सलग ४ आवर्तने; ट दबता कामा नये.’ यात कोणता बोल, कोणती लय, किती वेळ आणि कोणता दोष, हे चारही आले. ‘ति’ मधल्या बोटाने आणि ‘ट’ तर्जनीने वाजवणाऱ्या मुलांचा लय वाढली की पहिला बळी ‘ट’ असतो, कारण तर्जनी शाईवरून पुरेशी उचललीच जात नाही. वाजवणाऱ्याला हे वाजवताना जाणवत नाही. स्वतःचे वादन रेकॉर्ड करून निम्म्या वेगाने ऐकले, की ‘तिट’ऐवजी ‘ति’ आणि त्यामागे एक पुसट थाप ऐकू येते. तसे ऐकू आले तर लय ५० वर आणायची, हेही मी नोंदीतच लिहून ठेवतो. एका फाइलीला एकच उद्दिष्ट असावे. दोन लिहावीशी वाटली, तर रेकॉर्डिंगचे दोन तुकडे करावेत.

ही नोंद फाइलीच्या आत ठेवण्यासाठी मी संगणकावर ffmpeg या मोफत प्रोग्रामची पुढील आज्ञा वापरतो. आवाजाला धक्का लागत नाही, फक्त माहिती भरली जाते.

```
ffmpeg -i kayda.mp3 -codec copy -id3v2_version 3 \
 -metadata title="तीनताल, कायदा, ठेका ६०, दुगुन, तिट स्पष्ट" \
 -metadata album="प्रवेशिका प्रथम" \
 -metadata TBPM=60 \
 -metadata TAAL="तीनताल" \
 -metadata GOAL="४ आवर्तने, ट दबू नये" \
 "तीनताल, कायदा, ठेका ६०, दुगुन, तिट स्पष्ट.mp3"
```

`TBPM` हा ठरलेला रकाना आहे आणि त्यात पूर्णांकच लिहायचा असतो. धड्यात लय वाढत जात असेल, तर मी सुरुवातीची लय लिहितो. `TAAL` आणि `GOAL` हे मी बनवलेले रकाने फाइलीत टिकतात, पण फोनवरची बरीचशी प्लेअर ॲप ते दाखवत नाहीत. म्हणून विद्यार्थ्याला कळायलाच हवे ते शीर्षकात यायला हवे, आणि तीच शब्दयोजना फाइलीच्या नावातही असावी. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे दिलेले नाव तसेच पोहोचते. बोलून पाठवलेल्या व्हॉइस मेसेजला मात्र असे नाव देताच येत नाही.

दीडशे फाइली एका बैठकीत करायला बसू नका. पुढच्या वेळी जी फाइल कोणाला तरी पुन्हा पाठवाल, तिची नोंद पाठवण्याआधी भरा. माझ्याकडे वर्षभरात अशा साठेक फाइलींची नोंद झाली. उरलेल्यांपैकी बहुतेक कोणी मागितल्याच नाहीत.