अंदमानला डिसेंबरमध्ये जाऊ नये असे मी का म्हणतो

प्रश्न : मुलांच्या नाताळच्या सुट्टीत अंदमान, फुकेत किंवा मालदीव यांपैकी कुठेतरी जायचा विचार आहे. वादळाचा धोका कसा जोखावा आणि कोणते महिने सुरक्षित असतात?

उत्तर :

मी मुख्यतः अंदमानबद्दल लिहितो, कारण डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक बेटावर (आताचे स्वराज द्वीप) आणि शेजारच्या नील बेटावर जे सुमारे चौदाशे पर्यटक अडकून पडले होते, त्यांत आम्ही सहा जण होतो. सहल आमच्या दाजींनी आखली होती. मी फेब्रुवारी सुचवला होता, त्यावर ‘‘पावसाळा दसऱ्याला संपतो, डिसेंबर हा तिथला मुख्य हंगाम आहे, म्हणून तर हॉटेले महाग असतात’’ असे उत्तर मिळाले. हॉटेलचे दर गर्दीवरून ठरतात आणि गर्दी शाळांच्या सुट्ट्यांवरून, समुद्राला त्यात कोणी विचारत नाही, हे मला तेव्हा नीट मांडता आले नाही.

आम्ही ४ तारखेला पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, बोटीने हॅवलॉकला पोहोचलो तेव्हा आकाश फक्त ढगाळ होते. ५ तारखेला बोटींच्या फेऱ्या रद्द झाल्या. ‘वादळ’ हा शब्द तोवर कोणी उच्चारलाही नव्हता, आणि ते बरोबरच होते, कारण बंगालच्या उपसागराच्या आग्नेय भागात तेव्हा केवळ कमी दाबाचे क्षेत्र होते. ६ तारखेला त्याचे डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, झाले आणि ८ तारखेच्या पहाटे ते ‘वरदा’ या नावाचे चक्रीवादळ बनले. म्हणजे वादळाला नाव मिळाले, तोवर आम्हाला अडकून तीन दिवस होत आले होते.

माझ्या मते सगळ्यात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. आपले हवामान खाते वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटर झाल्याशिवाय चक्रीवादळ म्हणत नाही आणि नावही देत नाही. डिप्रेशन मात्र ३१ किलोमीटरपासूनच मोजले जाते. प्रवासी बोट बंद पडायला डिप्रेशन पुरते, कधी त्याच्याही आधी खवळलेला समुद्र पुरतो. त्यामुळे ‘या महिन्यात किती चक्रीवादळे आली’ एवढेच पाहिले, तर पर्यटकाचा खरा धोका निम्माही दिसत नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगतो. नोटाबंदी होऊन जेमतेम महिना होत होता, त्यामुळे कोणाच्याच हातात पुरेशी रोख रक्कम नव्हती. वीज आणि फोन येऊन जाऊन होते. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या परतीच्या तारखेपर्यंतच्याच मोजून आणलेल्या होत्या. नौदलाची जहाजे ७ तारखेला निघाली, पण समुद्र इतका खवळलेला होता की सुटका प्रत्यक्षात ९ तारखेला झाली. परतीची विमाने तोवर निघून गेली होती. ज्या कंपनीकडून सहल घेतली होती, तिने नैसर्गिक आपत्तीचे कलम दाखवून हात वर केले.

दाजींचे म्हणणे आजही असे आहे की ते वादळ अंदमानला आलेच नाही, ते १२ तारखेला चेन्नईला धडकले, म्हणजे आपले केवळ नशीब वाईट होते. मला हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही. अंदमानचा समुद्र ही या वादळांची जन्मभूमी आहे. मोसमी पाऊस माघारी फिरला की कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात याच बेटांच्या आसपास रेंगाळतो. पाणी अजून ऊबदार असते, आणि पावसाळ्यात वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांमधला जो मोठा फरक वादळाची उभारणी मोडून टाकतो, तो आता उरलेला नसतो. वादळ तिथे तयार होते, रेंगाळते आणि मग बळ धरून पश्चिमेकडे निघून जाते. किनाऱ्यावर धडकण्याच्या नोंदी चेन्नईच्या किंवा आंध्रच्या खात्यावर पडतात, पण बोटी अंदमानात बंद असतात. २०१३ चे ‘लेहर’ आणि २०१४ चे ‘हुदहुद’ ही दोन्ही याच बेटांवरून पुढे गेली होती. शिवाय दाजी मूळचे रत्नागिरीचे. पावसाळा दसऱ्याला संपतो हे त्यांनी तरी म्हणू नये. ‘फयान’ कोकण किनाऱ्यावर ११ नोव्हेंबर २००९ रोजी आले होते.

आता महिन्यांविषयी. जानेवारीत तो पट्टा विषुववृत्ताकडे उतरतो आणि बेटांवर ईशान्येची कोरडी हवा राहते. म्हणून २० जानेवारी ते मार्चअखेर हा माझ्या मते अंदमानचा खरा हंगाम आहे. एप्रिलचा पहिला पंधरवडाही चालेल. त्यानंतर धोका पुन्हा वाढत जातो, मे हा वादळांचा दुसरा महिना असतो आणि त्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मोसमी पाऊस तिथे पोहोचतो. दिवाळी, नाताळ आणि मे या आपल्या शाळांच्या तिन्ही सुट्ट्या नेमक्या चुकीच्या काळात येतात, हे कटू असले तरी खरे आहे. फेब्रुवारीत मुलांची चार दिवसांची शाळा बुडवावी. दाजींना हे पटत नाही, पण आम्ही २०१९ च्या फेब्रुवारीत आईला घेऊन पुन्हा गेलो तेव्हा एकही बोट चुकली नाही.

नाताळलाच जायचे असेल, तर धोका तारखेपेक्षा कार्यक्रमाच्या क्रमाने कमी करता येतो. पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर लगेच हॅवलॉक आणि नील उरकावे आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला राखाव्यात. आमचे नेमके उलटे होते : बेटावरून सकाळच्या बोटीने यायचे आणि दुपारच्या विमानाने निघायचे. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून हवामान खात्याचे रोजचे पत्रक वाचावे. त्यात ‘दक्षिण अंदमान समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होण्याची शक्यता’ असे वाक्य दिसले, तर ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे समजावे. प्रवास विमा आरक्षण करतानाच घ्यावा, कारण वादळ जाहीर झाल्यानंतर घेतलेला विमा सहसा त्या वादळासाठी लागू होत नाही.

फुकेत अंदमान समुद्राच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर आहे आणि तिथे डिसेंबर बहुधा कोरडा असतो; मात्र त्याच देशातले को सामुई दुसऱ्या बाजूच्या आखातात असल्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर पावसात असते, तेव्हा दोन्ही एकच समजू नयेत. मालदीव विषुववृत्ताच्या इतके जवळ आहे की तिथे चक्रीवादळ क्वचितच येते, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारे वळण विषुववृत्ताजवळ फार क्षीण असते. तुमच्या तिन्ही पर्यायांत नाताळसाठी मला मालदीवच बरे वाटते, खर्च परवडत असेल तर.

एवढे लिहून झाल्यावर न्यायाने हेही सांगायला हवे की डिसेंबरमध्ये अंदमानला जाणारे बहुतेक लोक काहीही न होता परत येतात. उलट मी सुचवलेले महिनेही निर्दोष नाहीत. मार्च २०२२ मध्ये एक डिप्रेशन याच बेटांजवळून गेले आणि तेव्हाही बोटी बंद ठेवाव्या लागल्या होत्या. जानेवारीसाठी मी २० तारीख धरतो त्यामागेही कारण आहे : २०१९ च्या पहिल्याच आठवड्यात ‘पाबुक’ थायलंडच्या आखातातून जमीन ओलांडून अंदमान समुद्रात उतरले होते. ही बातमी दाजींनी मला त्याच दिवशी फोन करून, काहीशा आनंदानेच, कळवली होती.